श्रावणातले अडतीस टक्के

उत्तरा धुरीला कुणी चांगले म्हटले की ती आधी मागे वळून बघायची. मागे कोण उभे आहे, हे बोलणे नक्की कुणाला उद्देशून आहे, याची खात्री करून घ्यायची. बहुतेक वेळा मागे तिची धाकटी बहीण सुनंदा उभी असायची आणि बोलणे तिच्यासाठीच असायचे. अशी सवय माणसाला चार दिवसांत लागत नाही. तिला ती लहानपणापासून लागलेली होती.

चकाल्याच्या आमच्या घराचा पुढचा गाळा ह्यांच्या दवाखान्याचा. हे गेल्यावर तो दोन वर्षे बंदच होता. घरात माझा आणि माझे धाकटे दीर नंदकिशोर यांचा सारखा वाटा, पण व्यवहार सगळा भाऊजी बघत. शहाऐंशी सालच्या जूनमध्ये उत्तरा गाळा बघायला आली. एकेचाळिशीची, अविवाहित, सडसडीत, खांद्याला रेक्झिनची पिशवी. विमानतळाजवळ विमानांत द्यायचे जेवण तयार करणारे एक मोठे स्वयंपाकघर होते, तिथे ती सतरा वर्षे कॉस्टिंगमध्ये कारकून होती. नोकरी सोडून, प्रॉव्हिडंट फंड काढून तिला कॅफे काढायचे होते.

"स्वयंपाक तुम्ही करणार?" मी विचारले.

"नाही काकी. माझी बहीण करणार. मी हिशेब बघणार."

"कुठल्या तुम्ही?"

"वेंगुर्ल्याकडच्या. पण जन्म इथलाच, जोगेश्वरीचा." मग थोडे थांबून म्हणाली, "आई म्हणायची, सुनंदाच्या हाताक चव आसा, उत्तराच्या हाताक हिशेब. पाहुण्यांसमोर म्हणायची. पाहुणे हसायचे आणि सुनंदाच्या हातचं आणखी मागायचे."

मी चहा टाकला.

भाडे पंधराशे ठरले, करार अकरा महिन्यांचा. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पूजा घालून दुकान उघडले. पाटीवर आईचे नाव, 'जानकी कॅफे'. आत सहा टेबले, गल्ल्यावर उत्तरा, मागच्या खोलीत सुनंदा. सुनंदाचा नवरा शिवदास गिरणीत होता. संपानंतर त्याला परत घेतले नव्हते, तेव्हा घर तिच्याच पगारावर चालायचे. चहा आणि बाहेरचे बघायला धोंडिराम, टेबलांना खंडू, भांड्यांना आणि चिरायला सुगंधाबाई.

उत्तराने पहिल्याच दिवशी मोरीजवळ एक पुठ्ठा टांगला. कोणी किती वाजता यायचे, कोणाची कधी सुट्टी, हे त्यावर आखून लिहिलेले. एक पाळी सकाळी साडेसहा ते अडीच, दुसरी दुपारी एक ते नऊ. एक ते अडीच दोन्ही पाळ्या हजर, कारण सहार विमानतळाच्या कार्गोतली आणि एमआयडीसीतली माणसे त्याच वेळी जेवायला सुटत. रविवारी बंद.

"गर्दी दीड तास असते आणि पगार आठ तासांचा द्यावा लागतो," ती मला म्हणाली. "म्हणून गर्दीच्या तासांवर माणसं दुप्पट पडली पाहिजेत. बाकी वेळ दोघांत भागतं."

मला हे आवडले. घरातली मोलकरीण कधी येते यावर मी आयुष्यभर ताबा ठेवू शकले नव्हते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद झाले की ती तराजू घेऊन बसायची. पीठ, तेल, बटाटे, चहा, वाटाणे, जे काही उरले असेल ते मोजायची. महिन्याच्या सुरुवातीचा साठा, अधिक महिन्याची खरेदी, वजा उरलेला साठा. त्यातून नोकरांच्या जेवणाचे बाजूला काढायचे. राहिले ते खरोखर विकण्यात गेलेले सामान. त्याला विक्रीने भागले की फूड कॉस्टचा टक्का.

पहिल्या महिन्यात विक्री नऊ हजारांची झाली, सामान चौतीसशे वीसचे. अडतीस टक्के. पंधराशे भाडे, साडेएकोणीसशे पगार, गॅस आणि वीज मिळून सहाशे. सगळे वजा जाता तिच्या हातात दीड हजार उरले.

"अडतीस," ती माझ्या ओट्याजवळ उभी राहून म्हणाली. तिला एवढे खूश मी आधी पाहिले नव्हते. "आमचे साहेब चाळीसला पार्टी द्यायचे. मी आता बजेटच अडतीसवर बांधलंय. दर महिन्याला अडतीसच्या वर जाऊ द्यायचं नाही."

तिने ते केलेही तसेच. पुढच्या महिन्यांचे बजेट आखले, त्यात सामानाच्या रकान्यात सगळीकडे अडतीस.

गणपती झाले आणि सुनंदाने बुधवार-शुक्रवार कोलंबीची खिचडी सुरू केली.

त्या खिचडीबद्दल मी फार लिहीत नाही. मी स्वतः मासे खात नाही, पण दुपारी बाराच्या सुमारास तिचा वास जिन्याने वर यायचा तेव्हा मी वाचत असलेली ओळ पुन्हा वाचावी लागायची. तिसऱ्या आठवड्यात रांग फुटपाथवर आली. प्लेट आठ रुपयांची. माणसे आधी गल्ल्याशी थांबायची, पैसे द्यायची, पण बघायची उत्तराच्या खांद्यावरून आत.

"सुनंदाताई, खालची, करपलेली द्या हां."

"ताई, गेल्या बुधवारी नव्हतो, मला दोन डाव जास्त."

सुनंदा आतून हसून म्हणायची, "अरे, बायको जेवायला घालत नाही काय तुला?" आणि दोन डाव खरेच जास्त पडायचे. ती गोल, मोठ्याने बोलणारी बाई. खिचडी वाढताना प्रत्येकाचे काहीतरी विचारायची, कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या आईचे गुडघे.

चंद्रप्रकाश म्हणून कार्गोत काम करणारा एकजण रोजचे गिऱ्हाईक होता, तोंडाने फटकळ. एका शुक्रवारी मी सुटे पैसे घ्यायला खाली गेले होते, तेव्हा तो उत्तराला म्हणाला, "कॅशियरबाई, तुमच्या मालकिणीला सांगा, खिचडी रोज ठेवा म्हणून."

उत्तराने त्याची चिल्लर मोजून हातावर ठेवली. "मालकीण मी आहे."

"काय सांगता? मला वाटलं, ताई मालकीण आणि तुम्ही पगारावर. सॉरी हां, पण तुम्ही कधी हसत नाही ना, म्हणून."

मागे उभी असलेली माणसे हसली. आतून सुनंदाही हसली. ती वाईट मनाने हसली नाही, पण हसली. उत्तराचे कान लाल झाले, आणि त्या दिवशी तिने दुपारचे जेवण घेतले नाही. धोंडिराम सांगत होता, खिचडीची प्लेट तिच्यासमोर ठेवली तर "माका नको, गिऱ्हाइकांका घाल," म्हणाली.

नोव्हेंबरचा टक्का साडेबेचाळीस आला.

ती वर आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. माझ्यासमोर बसून ती म्हणाली, "काकी, तेरा हजार दोनशे विक्री आहे. अडतीस टक्क्यांनी सामान पाच हजाराचं जायला हवं. गेलंय छप्पन्नशेचं. सहाशे रुपये कुठे गेले?"

"महागाई झाली असेल."

"चार महिन्यांत? नाही. ते सहाशे सुनंदाच्या हातून जातात. डाव जास्त, कोलंबी मूठभर जास्त. मी वाटी ठरवून दिली होती. सोलून कोलंबी वजनाला निम्मी होते, ते धरून प्लेटचा भाव काढलाय मी. आठातले चार रुपये चाळीस पैसे सामानातच जातात, पंचावन्न टक्के. आमच्याकडे असा पदार्थ कुणी मेनूत ठेवला असता तर साहेबांनी त्याला घरी पाठवला असता."

"पण गर्दी त्याच्यासाठीच होते ना?"

"गर्दी तिच्यासाठी होते," उत्तरा म्हणाली. आणि मग लगेच, "म्हणजे खिचडीसाठी."

तेव्हा मला समजायला हवे होते असे नाही. तिला स्वतःलाही ते समजले नव्हते. तिला मनापासून वाटत होते की ती टक्क्याबद्दल बोलते आहे.

डिसेंबरात ती स्वतः स्वयंपाकघरात तराजू घेऊन उभी राहू लागली. प्लेट भरली की तोलायची. सुनंदाने दोन-तीन वेळा चेष्टेवर नेले. मग एकदा डाव खाली ठेवून म्हणाली, "गो, मी चोरी करतंय काय?"

"चोरी कोण म्हणालं? मोजते आहे."

"लहानपणी आईने माझ्या ताटात तुझ्याहून जास्त मासा घातला का ते बघायचीस तसं मोजतेस."

धोंडिरामने पातेल्यात पाणी ओतल्याचा मोठा आवाज केला, म्हणून पुढचे बोलणे वर ऐकू आले नाही.

तोलूनही टक्का बेचाळीसच्या खाली आला नाही. एवढ्याने खरे म्हणजे ती थांबायला हवी होती. सुनंदाचा हात सैल असता तर तराजूने टक्का उतरला असता. पण मनात एकदा नाव पक्के झाले की पुरावा उलटा निघाला तरी नाव बदलत नाही. जानेवारीच्या शेवटी उत्तराने खिचडी बंद केली. बुधवार-शुक्रवारी आता टोमॅटोचे सार आणि भात, तीन रुपये. त्या प्लेटचा टक्का बत्तीस.

आणि मोरीजवळचा पुठ्ठा बदलला. सुनंदाची पाळी अडीच ते नऊ, दुपारचा स्वयंपाक धोंडिरामकडे.

मी त्या दिवशी खालीच होते, भाड्याची पावती द्यायला. सुनंदा पुठ्ठ्यासमोर पदराला हात पुसत उभी होती.

"नऊ वाजता सुटून मी जोगेश्वरीला पोचणार कधी? पोरांना जेवायला कोण घालणार? शिवदास?"

"संध्याकाळी वडे असतात. वड्याला माणूस हवं."

"वडे धोंडिराम तळतो."

"आता तू तळ."

"संध्याकाळी कोण असतं गं इथे? चहावाले चार जण. दुपारी मी दिसायला नको, असं सरळ सांग ना."

"धंद्यात असं कोण दिसण्यासाठी काम करतं?" उत्तरा म्हणाली. "मला टक्का बघायचा आहे."

सुनंदा माझ्याकडे वळली. "काकी, तुम्ही सांगा हिला. आमच्यात आई नाही आता सांगायला."

मी काही सांगितले नाही. भाडेकरूंच्या घरच्या भांडणात पडायचे नाही, असा ह्यांचा नियम होता आणि मला तो सोयीचा वाटला. सुनंदाने आठवडाभर ती पाळी केली. मग एका सोमवारी आली नाही. मंगळवारी शिवदास येऊन तिचा उरलेला पगार घेऊन गेला. उत्तराने तो पाकिटात घालून तयार ठेवला होता. तो म्हणाला, "मोजून घेऊ काय?" ती म्हणाली, "हवं तर घे." त्याने तिच्यासमोर, सावकाश, मोजून घेतला.

तिच्या जागी काशीराम म्हणून आचारी ठेवला, आठशे रुपयांवर. सुनंदापेक्षा शंभर जास्त. उसळ ठीक करायचा.

फेब्रुवारीचा टक्का अडतीस पूर्णांक दोन. मार्चचा अडतीस. उत्तरा पेढे घेऊन वर आली. मी एक खाल्ला. खाली दुपारी एक वाजता टेबले रिकामी दिसू लागली होती. दोन पाळ्यांची चार माणसे एकत्र यायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची, कारण पुठ्ठ्यावर दीड तास दुप्पट माणसे लिहिलेली होती आणि गर्दी मात्र आता येत नव्हती. खिचडीबरोबर चहा पिणारे, खिचडीवाल्या मित्राबरोबर येऊन मिसळ खाणारे, असे सगळेच कमी झाले होते. विक्री आठ हजार आठशेवर आली.

एप्रिलचे भाडे दहा तारखेला आले. मेचे अठराला.

भाऊजी ठाण्याहून आले ते त्याच आठवड्यात. त्यांनी खाली जाऊन चहा घेतला, रिकामी टेबले बघितली आणि वर येऊन म्हणाले, "वहिनी, जुलैत करार संपतोय. एक झेरॉक्सवाला एकोणीसशे द्यायला तयार आहे. पुढच्या अकरा महिन्यांचं डिपॉझिट वेगळं."

"तिने सतरा वर्षांची नोकरी सोडलीय."

"आपण सोडायला सांगितली नव्हती. तिने एकोणीसशे दिले तर तिलाच देऊ. मी काही राक्षस नाही."

मी उत्तराला सांगितले. ती त्याच संध्याकाळी नवे बजेट आखून घेऊन आली. विक्री आठ हजार आठशे, सामान साडेतेहतीसशेचे, पगार आता दोन हजार पन्नास, बाकी सहाशे, कोलंबीसाठी घेतलेल्या फ्रिजचा हप्ता पाचशे. भाड्याच्या रकान्यात एकोणीसशे घातल्यावर खाली जेमतेम चारशे उरत होते. महिनाभराचे तिचे स्वतःचे.

"टक्का तर बरोबर आहे," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. "काकी, टक्का बरोबर असून असं कसं?"

मी गणितात कधीच चांगली नव्हते, शाळेत नन्सनी माझ्यावर पुष्कळ मेहनत घेतली तरी. मी म्हटले, सुनंदाला विचारून बघ. तिचा चेहरा मिटला.

"ती येईल आणि लोक पुन्हा तिच्याच नावाने येतील. त्यापेक्षा झेरॉक्सवाला आला तर बरं." मग स्वतःच म्हणाली, "नाही. बरं नाही."

जूनच्या शेवटी, आषाढ लागला तेव्हाची गोष्ट. मी खाली बसून उत्तराबरोबर चहा घेत होते. चंद्रप्रकाश आला, आता तो आठवड्यातून एकदाच यायचा, तोही बहुतेक वेळा चहापुरता. त्याने काशीरामची उसळ ढवळून बघितली.

"हे काय बाई, तुमच्याकडे बारा महिने श्रावण?"

"आवडत नसेल तर घेऊ नका," उत्तरा म्हणाली.

"घेतो हो. गेल्या वर्षी तुम्ही उघडलंत तेव्हाही हेच खायचो. पण तेव्हा खरंच श्रावण होता, आम्हीच मासळी सोडलेली. आता महिन्याभरात पुन्हा लागेल. त्याच्या आधी दोन घास तोंडाला बरे लागले असते, म्हणून म्हटलं." उसळ आणि चहा संपवून तो गेला.

उत्तरा त्याचा कप उचलायला उठली आणि तशीच उभी राहिली. मला वाटले तिला चक्कर आली. ती बसली, पेन्सिल घेतली, आणि वर्तमानपत्राच्या कडेवर काहीतरी लिहू लागली. मी थांबले.

"काकी," ती आकड्यांखाली रेघ मारून म्हणाली, "मी बजेट श्रावणावर बांधलं."

"म्हणजे?"

"पहिला महिना. तेव्हा मासळी नव्हतीच. नुसती उसळ, पोहे, वडे, चहा. त्या सामानाचा टक्का अडतीस येणारच. तो मी खिचडीच्या महिन्यांना लावला. हे म्हणजे उपासाच्या दिवशी पोट मोजून लग्नाचं ब्लाउज शिवण्यासारखं झालं." तिने माझ्याकडे बघितलेही नाही. "नव्वद पैशांच्या आणि आठ रुपयांच्या मालाचा टक्का एकत्र करून मी सुनंदाचा हात तोलत होते. तिने वाटीभरच घातलं. जे दोन डाव जास्त दिसायचे ते पातेल्याच्या तळाचे, करपलेले. मी ते मोजलेही होते. टक्का तसाच राहिला, म्हणून मी म्हटलं, तराजू नसताना देत असेल."

"पण पंचावन्न टक्के सामान जायचं, हे तर खरं?"

"जायचं. आणि तीन रुपये साठ पैसे उरायचे. सारभाताच्या प्लेटमागे दोन उरतात. भाडं टक्क्यांत द्यायचं नसतं काकी, रुपयांत द्यायचं असतं. मी सतरा वर्षं विमानात जेवण चढवलं. तिथे ट्रेचा भाव कंपनीने बांधलेला, कोण किती खाईल ते ठरलेलं. टक्का खाली आला की साहेब खूश. भाड्याची पावती माझ्याकडे कधी आलीच नाही." ती पुन्हा आकड्यांकडे वळली. "महिन्याला साडेचारशे प्लेटा जात होत्या. म्हणजे सोळाशे रुपये. तुमचं पंधराशे भाडं नुसती खिचडी देत होती."

मी विचारले, "हे नोव्हेंबरात का नाही दिसलं तुला?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "दिसलं असतं. दुसऱ्या कुणी वाढली असती तर दिसलं असतं."

यापलीकडे त्या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

रविवारी आम्ही दोघी रिक्षाने जोगेश्वरीला गेलो. ती एकटी जायला तयार नव्हती, आणि मलाही वाटत होते की भाडे एकोणीसशे मागणारे घर माझे आहे, तर मी यावे. सुनंदाची खोली चाळीत शेवटची. ती पापड लाटत होती, एका घरगुती मालवाल्यासाठी, शेकड्यावर. आम्हाला बघून उठली नाही. माझ्यासाठी मात्र शिवदासकडून खुर्ची काढवली.

"बसा काकी. तू पण बस, उभी कशाला? तराजू आणला नाहीस?"

"सुनंदा, माझी चूक झाली. हिशेबात."

"हिशेबात?" सुनंदाने पापड उलटला. "हिशेबात तुझी चूक कधी झाली नाही. दुसरीकडे झाली असेल."

शिवदास म्हणाला, "अगं, ऐक तरी काय म्हणते."

"ऐकते आहे ना. एवढ्या लांबून काकींना घेऊन आलीय."

उत्तराने सांगितले. श्रावणाचा टक्का, खिचडीचे तीन साठ, भाडे, झेरॉक्सवाला. रडली नाही. जणू ऑफिसात अहवाल वाचत होती. सुनंदाचे लाटणे मध्येच थांबले होते.

"म्हणजे मी परत आले नाही तर दुकान जातं," ती म्हणाली.

"हो."

"आणि आले तर तुझ्या पोटात पुन्हा दुखतं."

उत्तराने बराच विचार केला. "दुखेल," ती म्हणाली.

सुनंदा पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत म्हणाली, "खोटं बोलली असतीस तर हाकललं असतं." मग लाटणे बाजूला ठेवले. "पगारावर नाही येणार. सातशे दिलेस, तेही सहा महिने मोजत बसलीस. सगळं देऊन उरेल त्यात निम्मं. करारावर माझंही नाव. आणि पाळी सकाळची, अडीचला मी सुटणार."

"निम्मं?" उत्तरा म्हणाली. "प्रॉव्हिडंट फंड माझा गेलाय."

"तो फ्रिज-टेबलांत आहे, ती तुझीच राहू देत. मी उरेल त्याचं बोलते."

शिवदास काहीतरी सांगायला गेला. दोघींनी एकदमच "तू थांब" म्हटले.

उत्तराने पिशवीतून कागद काढला आणि तिथेच, पापडांच्या मध्ये, आकडे मांडले. तेरा हजार दोनशे विक्री धरली, पण या वेळी दोन रकाने केले. साध्या पदार्थांचा एक, खिचडीचा वेगळा. सामान वजा, एकोणीसशे भाडे वजा, पगारात आता सुनंदाही नाही आणि काशीरामही नाही, वीज-गॅस, हप्ता. खाली तेहतीसशेच्या आसपास उरत होते. निम्मे साडेसोळाशे. त्या कागदाकडे ती एवढा वेळ बघत राहिली की सुनंदाने पापड पुन्हा लाटायला घेतले. मला कळत होते ती काय ठरवते आहे. एकटीचे चारशे, की सुनंदाबरोबरचे साडेसोळाशे. कागदावर हे ठरवायला क्षणही लागत नाही.

"श्रावणात खिचडी नसेल," ती शेवटी म्हणाली. "त्या महिन्याचं बजेट वेगळं. दोघींना मिळून सोळाशेसुद्धा उरणार नाहीत. आणि पावसात कोलंबी महाग, तेव्हा प्लेट नऊची करावी लागेल."

"नऊ कर. लोक देतील."

"तुझ्यासाठी देतील," उत्तरा म्हणाली.

"खिचडीसाठी देतील गो," सुनंदा म्हणाली. उत्तराने कागदावर नऊ लिहिले.

करारावर जुलैच्या पहिल्या आठवड्यात सह्या झाल्या. भाऊजींनी चष्मा पुसून विचारले, "आता दोघी मालकिणी?" उत्तरा म्हणाली, "तुमच्या दृष्टीने एकोणीसशे रुपये." आणि पुढे कराराचा कागद सुनंदाकडे सरकवला, पण आधी स्वतः सही करून.

याला आता दोन वर्षे झाली. कॅफे चालू आहे, भाडे पाच तारखेच्या आत येते. बुधवार-शुक्रवारी रांग असते, श्रावणात नसते. पुठ्ठ्यावर श्रावणापुरत्या पाळ्या वेगळ्या आखलेल्या असतात. दुपारी दुप्पट माणसे नाहीत, आणि धोंडिराम त्या महिन्यात गावी जाऊन येतो. बहिणी एकमेकींशी बोलतात, कामाचे जास्त, बाकीचे कमी. एक ते अडीच उत्तरा गल्ल्यावर बसते. माणसे तिच्या खांद्यावरून आत बघतात, आतून सुनंदा कोणाच्या तरी आईचे गुडघे विचारते, आणि उत्तराच्या कपाळावर तीच आठी पडते.

परवा नवीन लागलेले एक गिऱ्हाईक तिला म्हणाले, "बाई, खिचडी काय झकास आहे. आत सांगा ना त्यांना."

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "माझ्याने सांगवत नाही. नऊ रुपये."